एक दिरहम बाकी असेपर्यंत

प्रश्न: मलिक अंबर आधी गुलाम होता आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, हे शाळेपासून ऐकत आलो. पण जुन्या इस्लामी कायद्यात गुलाम सुटायचा कसा? सगळे मालकाच्या मर्जीवर होते, की कायद्यानेच काही वाटा करून दिल्या होत्या? आणि सुटलेला माणूस इतरांच्या बरोबरीचा होई का?

उत्तर:

मर्जी मालकाचीच. पण ती एकदा तोंडातून निघाली की परत घेता येत नसे, आणि ती निघावी म्हणून कायद्याने बऱ्याच ठिकाणी उतार करून ठेवला होता. सुन्नी कायद्याचे मुख्य पंथ चार: हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली. मी मुख्यतः हनफी परंपरेबद्दल लिहितो, कारण हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी तीच चालली. बाराव्या शतकातल्या मर्गिनानींचा ‘हिदाया’ हा तिचा आधारग्रंथ. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर 1791 साली झाले आणि त्यातही गुलामांच्या सुटकेची प्रकरणे आहेत. मी कायद्याचा इतिहास शिकवताना विद्यार्थ्यांना ही प्रकरणे आवर्जून वाचायला लावतो. मालकी, करार, वारसा आणि लग्न हे चारही विषय त्यांत एकमेकांत गुंतलेले सापडतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा कायदा गुलामी बंद करणारा नव्हता. युद्धकैद्यांतून आणि गुलाम आईच्या पोटी जन्मातून नवे गुलाम येतच राहिले, आणि विकत घेण्यालाही बंदी नव्हती. ‘इस्लामने गुलामी संपवली’ आणि ‘इस्लामी कायद्याने सुटकेसाठी काहीच केले नाही’ ही दोन्ही विधाने ग्रंथ न उघडता केलेली असतात. आत यायचे दार उघडे होते. बाहेर जायची दारे मात्र एकाहून अधिक होती आणि ती बाहेरच्या बाजूलाच ढकलली जातील अशी बसवली होती.

ती कशी, ते पाहू. मुळात माणूस स्वतंत्र हे गृहीत. रस्त्यावर टाकलेले मूल सापडले तर ते स्वतंत्र मानायचे. कुळ-मूळ माहीत नसलेला प्रौढ माणूस ‘मी स्वतंत्र आहे’ म्हणाला तर त्याचा शब्द ग्राह्य, आणि तो गुलाम असल्याचा पुरावा मालक म्हणवणाऱ्याने आणायचा. मालकाने ‘तू मोकळा आहेस’ असे स्पष्ट शब्दांत म्हटले की काम झाले. थट्टेत म्हटले तरी झाले. हनफी मतानुसार नशेत किंवा कोणाच्या धाकाने म्हटले तरीही झाले. शाफई पंथ धाकाने बोललेला शब्द मानत नाही, पण हनफींची भूमिका अशी, की सुटकेचा शब्द उच्चारला गेला की मागचा हेतू तपासत बसायचे नाही. शिवाय जवळच्या, म्हणजे ज्याच्याशी लग्न निषिद्ध आहे अशा रक्ताच्या नातेवाइकाची मालकी हाती आली, तर तो नातेवाईक त्याच क्षणी आपोआप सुटे. भावाने भावाला बाजारात विकत घेतले, तर ती खरेदी हीच त्याची सुटका.

मग प्रायश्चित्ते. शपथ मोडली, चुकून माणूस मारला गेला, बायकोला ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ असे म्हणून तिच्याशी संबंध तोडण्याची जुनी अरबी शपथ घेतली, तर कुराणात सांगितलेल्या प्रायश्चित्तांत गुलाम सोडणे येते. यातली खुबी हनफींच्या तपशिलात आहे. दोन्ही डोळे गेलेला किंवा दोन्ही हात तुटलेला गुलाम सोडून प्रायश्चित्त फिटत नाही, कारण पोसायला जड झालेला माणूस दाराबाहेर काढणे म्हणजे सुटका नव्हे. आणि ज्याला सुटकेचा हक्क आधीच मिळालेला आहे, त्याला सोडूनही चालत नाही. देणे असलेलीच वस्तू देऊन पुण्य जोडता येत नाही, असा तो हिशेब.

मालकाच्या मृत्यूशी जोडलेल्या दोन वाटा होत्या. मालकापासून गुलाम स्त्रीला मूल झाले आणि त्याने ते आपले मानले, तर मूल जन्मापासून स्वतंत्र. आईला त्यानंतर विकता येत नसे आणि मालक मेला की ती सुटे. तिची सुटका मालमत्तेच्या वाटपाच्या आधी, कर्जाच्याही आधी. दुसरी वाट म्हणजे ‘माझ्या मागे तू मोकळा’ असे जाहीर करणे. असा गुलाम हनफी मतात नंतर विकता येत नाही. पण ही सुटका मृत्युपत्रासारखी धरली जाते आणि म्हणून ती मालमत्तेच्या एक तृतीयांशातच बसली पाहिजे. उरलेले दोन तृतीयांश वारसांचे.

भांडणे नेमकी इथे होत. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एका माणसाने मरतेवेळी आपले सहा गुलाम सोडले आणि त्याच्याकडे दुसरी मालमत्ता काहीच नव्हती. पैगंबरांनी चिठ्ठ्या टाकून दोघांना सोडले आणि चौघांना वारसांकडे ठेवले. शाफई पंथ हाच निवाडा चालवतो. हनफींना चिठ्ठीवर माणसाचे स्वातंत्र्य ठरवणे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की सहाही जणांचा एक-एक तृतीयांश भाग सुटला. उरलेल्या दोन तृतीयांशाची किंमत प्रत्येकाने कमावून वारसांना द्यायची. वारसांना तेवढेच मिळते आणि गुलामीत कायमचे कोणी राहत नाही. मला स्वतःला हनफींचा मार्ग जास्त माणुसकीचा वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. चिठ्ठीने दोघे आज संध्याकाळी घरी जातात. हनफी मार्गाने सहाही जण कर्जदार होतात आणि म्हातारे किंवा आजारी असले तर ते कर्ज फिटणार कधी, हा प्रश्न राहतोच.

अर्धवट सुटकेचा हा विचार मलिक अंबरच्या बाबतीतही लावून पाहता येतो. निजामशाहीचा पेशवा चंगेझखान हा त्याचा शेवटचा धनी, आणि खानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले असे प्रचलित कथन आहे. मी विद्यार्थ्यांना विचारतो: समजा खानाला मुले होती. मग विधवेचा वाटा आठवा हिस्सा. तिने सोडला तो किती? हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांच्या मते आठवा भागच सुटला. बाकीचे वारस आपापला भाग सोडतील, किंवा अंबरकडून कमाई मागतील, किंवा विधवा सधन असेल तर तिच्याकडून भरपाई घेतील. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद म्हणतात, स्वातंत्र्याचे तुकडे पडत नाहीत. एका भागीदाराने सोडले की पूर्ण माणूस सुटला, आणि पुढचा वाद फक्त पैशांचा. गुरू-शिष्यांतला हा मतभेद वरवर बारीक वाटतो. पण सगळी किंमत फिटेपर्यंत तो माणूस साक्ष देऊ शकतो का, आणि मेला तर त्याची मालमत्ता कोणाची, हे सगळे त्यावर ठरते.

आता सगळ्यात महत्त्वाच्या वाटेकडे येतो: किताबत, म्हणजे गुलामाने स्वतःच्या सुटकेचा मालकाशी केलेला करार. रक्कम ठरते, हप्ते ठरतात, शेवटचा हप्ता फिटला की गुलाम मोकळा. अशा करारातल्या गुलामाला मुकातब म्हणतात. कुराणाच्या 24व्या सुरेत सांगितले आहे, की तुमच्या गुलामांपैकी जे असा लेखी करार मागतील त्यांच्यात भलेपणा दिसत असेल तर करार करून द्या, आणि ईश्वराने तुम्हाला दिलेल्या धनातून त्यांनाही द्या. ही आज्ञा की शिफारस? बहुसंख्य विधिज्ञांनी शिफारस मानली. आयतींचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या जाहिरी पंथाने मात्र बंधन मानले. खलिफा उमर यांचे एक आख्यान बंधनाच्या बाजूचे आहे. सीरीन नावाच्या गुलामाने पैगंबरांचे सोबती अनस इब्न मालिक यांच्याकडे करार मागितला, अनस नाही म्हणाले. सीरीन उमरकडे गेला. उमरनी अनसना चाबूक लगावला आणि हीच आयत म्हणून दाखवली. करार झाला. या सीरीनचा मुलगा मुहम्मद इब्न सीरीन पुढे बसऱ्याचा नामांकित विद्वान झाला.

मालकाला यात काय मिळे? गुलामाची कमाई तशीही त्याचीच होती. पण सक्तीने राबणारा माणूस जेमतेम राबतो, आणि स्वतःच्या सुटकेसाठी राबणारा रात्रीचा दिवस करतो. पंधराव्या-सोळाव्या शतकात तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात रेशीम विणणाऱ्या गुलामांशी असेच करार होत आणि काजीच्या दफ्तरात ते नोंदलेले आहेत: अमुक इतके कापड विणून दे आणि मोकळा हो. नाजूक विणकाम चाबकाखाली होत नाही, हे तिथल्या मालकांना कळले होते.

करार झाला की गुलामाची स्थिती मधलीच होते. त्याचे हात मोकळे होतात, मान अडकलेली राहते. तो व्यापार करतो, प्रवास करतो, कमाई स्वतःजवळ ठेवतो. मालकाला करार मोडता येत नाही. गुलाम मात्र ‘मला झेपत नाही’ म्हणून मागे फिरू शकतो. बाई असेल तर मालकाला तिला हात लावता येत नाही, आणि लावला तर तिला मोबदला द्यावा लागतो. पण दानधर्म करणे, परवानगीशिवाय लग्न करणे किंवा स्वतःच्या गुलामाला फुकट सोडणे हे मुकातबला जमत नाही, कारण त्यातून हप्त्यांचा पैसा गळतो. ग्रंथांतले सूत्र कठोर आहे: एक दिरहम बाकी असेपर्यंत मुकातब गुलामच. खलिफा अली यांचे एक मत असे सांगितले जाते, की जितके फेडले तितका तो सुटत जातो. पण ते टिकले नाही.

हप्ता चुकला तर? मालक काजीकडे जातो. काजी विचारतो, कोणाकडून येणे आहे का, माल कुठे वाटेत आहे का? असेल तर दोन-तीन दिवसांची मुदत. नसेल तर करार रद्द आणि माणूस परत पूर्ण गुलाम. अबू यूसुफ जरा सैल आहेत. त्यांच्या मते लागोपाठ दोन हप्ते चुकल्याशिवाय करार मोडायचा नाही. करार मोडला की आधी दिलेले हप्ते मालकाचेच राहतात. म्हणून करार वाचताना मी एकूण रकमेआधी हप्त्यांमधले अंतर पाहतो. विणकराला महिन्याचा हप्ता झेपतो. शेतावर राबणाऱ्याला सुगीच्या आधीचा हप्ता ठेवला असेल, तर तो करार मोडण्यासाठीच केलेला असतो.

ही वाट चालू राहावी म्हणून बाहेरून पैशाची सोय होती. कुराणाने जकात, म्हणजे धर्माने सक्तीचे केलेले दान, कोणाला द्यायची ते आठ वर्ग सांगितले आहेत, आणि त्यात गुलामांच्या सुटकेचा वर्ग आहे. हनफी आणि शाफई त्याचा अर्थ मुकातबला हप्त्यांसाठी मदत असा करतात, तर मालिकी पंथ गुलाम विकत घेऊन सोडणे असा करतो. मालकानेही शेवटच्या रकमेतून काही सूट द्यावी. शाफईंनी ती सक्तीची केली, हनफींनी ऐच्छिक ठेवली.

पंथ बदलला की माणसाचे नशीब कसे बदलते, त्याचे एक उदाहरण करून दाखवतो. करार 600 दिरहमचा. मुकातबने 400 फेडले आणि तो मेला. मागे 500 दिरहम आहेत आणि स्वतंत्र बायकोपासून झालेला एक मुलगा. (मुलगा स्वतंत्र, कारण मुलाची स्थिती आईवरून ठरते.) शाफई म्हणतात, मृत्यूने करार संपला, तो गुलाम म्हणून मेला, गुलामाला वारस नसतो, म्हणून सगळे 500 मालकाचे. हनफी म्हणतात, पैसा मागे आहे तर करार जिवंत आहे. त्यातून 200 मालकाला द्यायचे, आणि तो आयुष्याच्या अखेरच्या क्षणी सुटला असे धरायचे. उरलेले 300 मुलाचे. बापाचे थडगे स्वतंत्र माणसाचे की गुलामाचे, तेही त्यावरच ठरले.

आता सुटल्यानंतरचे. इथे बरीराची हकीकत सोडून पुढे जाता येत नाही, कारण अर्धा कायदा तिच्यावर उभा आहे. बरीरा मदिनेतली गुलाम बाई. तिने मालकांशी नऊ ऊकियांचा करार केला होता, दरसाल एक ऊकिया, म्हणजे चाळीस दिरहम. ती पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांकडे मदत मागायला आली. आयशा म्हणाल्या, सगळी रक्कम मी एकदम मोजते, पण तुझा वला, म्हणजे सोडणाऱ्याशी जुळणारे नाते, माझ्याकडे राहील. मालकांना पैसे हवे होते आणि वलाही हवा होता. पैगंबरांनी निकाल दिला: विकत घे आणि सोड, वला सोडणाऱ्याचाच. मालकांची अट रद्द.

वला म्हणजे सोडणारा आणि सुटलेला यांच्यातले कायद्याने जोडलेले नाते. ते रक्तासारखे मानले गेले, म्हणून ते विकता येत नाही आणि दानही देता येत नाही. त्याच्या दोन बाजू आहेत. सुटलेल्याच्या हातून चुकून कोणी मेले, तर रक्तद्रव्य, म्हणजे मृताच्या वारसांना द्यायची भरपाई, भरायला सोडणाऱ्याचे कुळ उभे राहते. नुकत्याच सुटलेल्या, गणगोत नसलेल्या माणसाला हा केवढा आधार होता, ते लक्षात घ्या. उलट बाजूने, सुटलेला माणूस मेला आणि रक्ताचे पुरुष वारस नसले, तर उरलेला वारसा सोडणाऱ्याकडे जातो. पैगंबरांचे काका हजरत हमजा यांच्या मुलीने सोडलेला एक माणूस एकच मुलगी मागे ठेवून मेला. पैगंबरांनी अर्धे त्याच्या मुलीला दिले आणि अर्धे हमजांच्या मुलीला. मुलगा असता तर सोडणारीला काहीच मिळाले नसते. आणि हे नाते एकतर्फी आहे: सोडणारा मेला तर सुटलेल्याला त्याचा वारसा मिळत नाही.

बरीरा सुटल्यावर तिच्या लग्नाचा प्रश्न आला. नवरा मुगीस अजून गुलाम होता. सुटलेल्या बाईला लग्न ठेवायचे की मोडायचे हा पर्याय मिळतो. तिने मोडले. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्या मागे फिरे. पैगंबरांनी तिला म्हटले, परत घेतलेस तर? तिने विचारले, ही आज्ञा आहे का? ते म्हणाले, नाही, रदबदली करतोय. ती म्हणाली, मग मला तो नको. कालपर्यंत विकली जाणारी बाई पैगंबरांना नाही म्हणते, आणि ती तशी म्हणू शकते हाच पुढे नियम होतो. नवरा स्वतंत्र असला तरी हा पर्याय मिळतो असे हनफी म्हणतात. इतर तीन पंथ तो फक्त नवरा गुलाम असेल तेव्हाच देतात.

कागदावर सुटलेला माणूस पूर्ण होता: मालमत्ता, करार, साक्ष, लग्न, काजीचे पद, सगळे खुले. गुलामाला कित्येक शिक्षा निम्म्या होत्या, त्या सुटल्यावर पूर्ण झाल्या. हेही बरोबरीचेच लक्षण. इब्न उमर यांनी सोडलेला नाफे आणि इब्न अब्बास यांचा गुलाम इक्रिमा हे पैगंबरांच्या सोबत्यांच्या पुढच्या पिढीतले मोठे विद्वान होते.

बरोबरी अडली ती लग्नात. हनफी कायद्यात वर वधूच्या तोडीचा हवा, आणि तोड पाहताना स्वातंत्र्यही मोजले जाते. ज्याला स्वतःला सोडले आहे तो जन्मतः स्वतंत्र मुलीच्या तोडीचा नाही. ज्याचा बाप स्वतंत्र पण आजा गुलाम होता, तोही बाप-आजा दोघे स्वतंत्र असलेल्या मुलीच्या तोडीचा नाही. मुलीने पालकांना न विचारता असे लग्न केले तर पालक काजीकडे जाऊन ते मोडण्याची मागणी करू शकत. मालिकी पंथाचे प्रवर्तक इमाम मालिक यांनी कुळाची ही मोजणी मानली नाही, त्यांना धर्मनिष्ठा पुरेशी होती. हनफींनी ती ठेवली, पण तिला शेवटही ठेवला: बाप आणि आजा दोघेही स्वतंत्र असले की पुढे मोजायचे नाही. समोरच्या घरात दहा पिढ्या स्वतंत्र असोत, नातू त्यांच्या तोडीचा.